‘येतो’ म्हणून निघताना: शेवटच्या दिवसाचा निरोप आणि त्यातला एक नंबर



आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कुणी चुकून ‘जाते गं’ म्हणालं, तर आजी आतून ओरडायची, ‘जाते नाही, येते म्हण.’ आजचा आपला विषय या एका शब्दात सामावलेला आहे.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी आपण सहकाऱ्यांना निरोपाचा एक मजकूर पाठवतो. त्यात आभार असतात, चार आठवणी असतात आणि शेवटी एक ओळ असते, ‘संपर्कात राहू’. ही ओळ म्हणजे ऑफिसातलं ‘येतो’. फरक एवढाच, की घरी येतो म्हणणाऱ्याला घराची वाट माहीत असते. ऑफिसात ज्यांना आपण ‘संपर्कात राहू’ म्हणतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा आपला कंपनीचा ईमेल असतो आणि कंपनीनेच दिलेला मोबाईल नंबर असतो. त्या संध्याकाळी दोन्ही आपल्या हातून जातात. मग वाट कुठली?

आम्ही काही जणांनी या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या कार्मिक विभागात बरीच वर्षं काढली. निरोपसमारंभ उभे केले, नारळ दिले, ओळखपत्रं परत घेतली. आणि दोन-तीन वर्षांनी ‘अमक्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?’ असे फोनही आम्हीच घेतले. नंबर असला तरी आम्हाला तो सहसा देता यायचा नाही, कारण कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती अशी वाटता येत नाही. तो ज्याचा त्यानेच द्यायचा असतो, आणि तो देण्याची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे शेवटचा दिवस. म्हणून आज या मजकुराबद्दलच बोलू. कधी पाठवायचा, त्यात कुठला संपर्क द्यायचा आणि आभार कसे मानायचे.

आधी जवळचंच एक उदाहरण घेऊ. कल्याणच्या पुढे आंबिवली स्टेशन, आणि तिथून जवळ मोहने. तिथली नॅशनल रेयॉन, म्हणजे आपली एनआरसी, २००९ साली बंद पडली. हजारो कामगार होते. तिथे शेवटचा दिवस कुणाला नीट सांगून आला नाही. गेट बंद झालं आणि देणी वर्षानुवर्षं अडकून राहिली. पुढे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. अशा प्रक्रियेत कामगाराला आपला दावा कागदांनिशी मांडावा लागतो. अनेकांच्या वतीने एक अधिकृत प्रतिनिधीही तो मांडू शकतो, पण त्यासाठी माणसं सापडावी लागतात. कुणी वसाहतीत राहिलेलं असतं, कुणी गावी गेलेलं असतं, कुणी देवाघरी गेलेलं असतं आणि त्याच्या बायकोला दाव्याची मुदत कळवायची असते. अशा वेळी ‘तो कुठे असतो सध्या?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पैसा असतो.

एनआरसीचं टोक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण जुन्या पीएफच्या कागदावरची जन्मतारीख चुकलेली असते, अनुभवाचं प्रमाणपत्र हवं असतं आणि कंपनीचं नाव दोनदा बदललेलं असतं, कोर्टात ‘हे इथे कामाला होते’ असं सांगणारा एक माणूस हवा असतो. ही कामं जुन्या सहकाऱ्यांच्याच ओळखीने होतात. निरोपाच्या मजकुरातला नंबर ‘कधीतरी चहा पिऊ’ यासाठी असतोच, शिवाय या सगळ्यासाठीही असतो.

आता एक प्रसंग सबंध पाहू. समजा, एक ताई आहेत. राहतात डोंबिवली पूर्वेला, नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, हिशेब खात्यात. २००४ साली लागल्या, एकवीस वर्षं झाली. शुक्रवार शेवटचा दिवस. आपण बहुतेक जण करतो तेच त्यांनीही केलं. दिवसभर कामं सोपवण्यात गेला, चारला केक कापला, साडेपाचला कुणीतरी म्हणालं, ‘अहो, मेल टाकलात का?’ घाईघाईत त्यांनी चार ओळी लिहिल्या:

‘प्रिय सर्वांनो, आज माझा कंपनीतला शेवटचा दिवस. तुम्ही सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल आणि सहकार्याबद्दल मनापासून आभार. खूप काही शिकायला मिळालं. काही चुकलं असल्यास क्षमस्व. संपर्कात राहू.’

पाठवला, लॅपटॉप दिला, सिमकार्ड दिलं आणि रिक्षाने ठाणे स्टेशन गाठलं. या मजकुरात वावगं एकही वाक्य नाही. तरी तो फसला. कसा, ते पाहू.

पहिलं म्हणजे वेळ. शुक्रवारी साडेपाचला निम्मं ऑफिस उठलेलं असतं. ज्याला सहाची कल्याण गाठायची आहे तो मेल उघडत नाही, सोमवारी बघू म्हणतो. सोमवारी तो बघतो, प्रेमाने दोन ओळींचं उत्तर लिहितो, आणि ते उत्तर ताईंच्या कंपनीच्या पत्त्यावर जातं. तो पत्ता शुक्रवारी रात्रीच बंद झालेला असतो. काही ठिकाणी उत्तर परत येतं. काही ठिकाणी परतही येत नाही, ते साहेबांच्या पेटीत जाऊन पडतं, कारण जाणाऱ्याचा ईमेल काही दिवस त्याच्या वरिष्ठाकडे वळवायची पद्धत असते. म्हणजे ताईंसाठी लिहिलेलं वाचणार साहेब.

म्हणून मजकूर शेवटच्या दिवशीच पाठवावा, पण सकाळी अकरा ते बारा या वेळात. तोवर सगळे जागेवर आलेले असतात, जेवणाच्या सुट्टीत येऊन भेटून जातात आणि संध्याकाळपर्यंत आलेली उत्तरं आपल्याला वाचता येतात. खातं किती वाजता बंद होणार, हे संगणक विभागाला दोन दिवस आधी विचारून ठेवावं. काही कंपन्यांत ते दुपारीच बंद होतं. कारखान्यात आणखी एक अडचण असते. पाळीवर काम करणाऱ्या अनेकांना ईमेलच नसतो. त्यांच्यासाठी तोच मजकूर कागदावर छापून, परवानगी घेऊन, सूचनाफलकावर लावावा. मात्र फलक येणारे-जाणारे सगळेच वाचतात, म्हणून त्या प्रतीवर नंबर छापू नये. ‘नंबर हिशेब खात्यात ठेवला आहे’ एवढं लिहावं.

ईमेल पाठवण्याचीही एक खुबी आहे. दोनशे माणसांची नावं `To` मध्ये टाकली, की कुणीतरी `Reply All` दाबतं आणि दिवसभर सगळ्यांच्या पेटीत ‘ऑल द बेस्ट’चा पाऊस पडतो. नावं `BCC` मध्ये टाकावीत आणि `To` मध्ये आपला घरचा ईमेल पत्ता टाकावा. मग कुणी `Reply All` दाबलं तरी उत्तर फक्त दोनच ठिकाणी जातं, आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर आणि घरच्या पत्त्यावर. पण नुसतं `Reply` दाबणाऱ्याचं उत्तर ऑफिसच्याच पत्त्यावर जाईल, हे लक्षात ठेवा. म्हणून घरचा पत्ता मजकुरातही लिहावा लागतो. बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवायला कंपनीची मनाई असेल, तर तो मजकुरातच पुरे.

दुसरी गोष्ट संपर्काची, आणि आमच्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. एकवीस वर्षांत सगळ्यांनी ताईंचा जो नंबर साठवला, तो कंपनीच्या सिमचा होता. सिम कंपनीचं, म्हणून नंबरही कंपनीचा. तो सोमवारी नव्या मुलाच्या हातात गेला. आता मंडळी ‘ताई, कशा आहात?’ असं त्या मुलाला विचारताहेत. याच्याहून मोठा घोळ म्हणजे ताईंच्या बँकेला हाच नंबर दिलेला होता, पीएफच्या खात्यालाही हाच होता. ओटीपी आता त्या मुलाकडे येतो. त्याचा हेतू चांगला असला तरी ताईंचं बँकेचं काम अडलंच.

हे टाळायचं तर काम शेवटच्या दिवसाचं नाही, निदान तीन आठवडे आधीचं आहे. एक कागद घ्या आणि तो नंबर कुठे कुठे दिला आहे ते लिहा. बँक, आधार, पीएफ, गॅस, विमा, सोसायटी. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या नावावरचा नंबर द्या. जुनाच नंबर ठेवायचा असेल तर कंपनीकडून लेखी ना-हरकत घेऊन तो आपल्या नावावर करून घेता येतो, पण त्याला कंपनी तयार हवी आणि हातात दिवस हवेत. व्हॉट्सॲप कंपनीच्या नंबरवर असेल तर जुनं सिम चालू असतानाच सेटिंगमध्ये `Change number` वापरून ते नव्या नंबरवर न्या. तिथे आपल्या ओळखीच्यांना कळवण्याची सोयही आहे. जुन्या गप्पा टिकतात आणि ग्रुपही टिकतात. सिम परत केल्यावर हे करायला गेलात तर अडकण्याची शक्यता असते.

नंबर बंद करून टाकणाऱ्यांसाठीही एक सूचना. बंद केलेला नंबर कायमचा नाहीसा होत नाही. निदान ९० दिवस तो कुणाला दिला जात नाही, त्यानंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून निरोपात जो नंबर द्याल, तो पुढची दहा वर्षं रिचार्ज करत ठेवणार आहात ना, हे स्वतःला विचारा. दोन सिम असतील तर त्यातला जुना आणि घरच्यांकडे असलेला नंबर द्या. ऑफरमध्ये मिळालेलं नवं सिम देऊ नका.

पूर्वी काय करायचे? पूर्वी घराचा पत्ता द्यायचे. घरी फोन नसेल तर शेजाऱ्यांचा ‘पीपी’ नंबर द्यायचे, आणि कल्याण-डोंबिवलीचा असेल तर आधी ०२५१ जोडायचे. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या. आज घराचा पत्ता देण्यात दोन अडचणी आहेत. एक तर दोनशे माणसांना घरचा पत्ता कळवणं शहाणपणाचं नाही. दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. डोंबिवलीत काय, नौपाड्यात काय, इमारती पुनर्विकासाला जाताहेत. आज दिलेल्या पत्त्यावर दोन वर्षांनी पत्र्याचं कुंपण असतं आणि माणूस तिसरीकडे भाड्याने राहत असतो. म्हणून एक मोबाईल नंबर आणि एक घरचा ईमेल, असे दोन धागे द्यावेत. एक तुटला तरी दुसरा राहतो.

नंबर लिहिताना तो इंग्रजी अंकांत लिहा, पाच-पाच अंकांचे दोन गट करा आणि पुढे +91 लावा. मराठी अंकांत लिहिलेला नंबर पुष्कळ फोनवर बोट ठेवून लागत नाही, आणि +91 नसेल तर दुबईला गेलेल्या सहकाऱ्याची पंचाईत होते. पाठवण्याआधी तो नंबर घरातल्या कुणालातरी मजकुरातूनच दाबून लावायला सांगा. एक अंक चुकला तर सगळाच मजकूर वाया, आणि आपला नंबर आपण वाचताना चूक दिसत नाही, कारण तो आपल्याला पाठ असतो.

तिसरी गोष्ट आभारांची. ‘सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल’ हे वाक्य कुणालाच लागू पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहत नाही. उलट पन्नास नावं लिहिली तर एक्कावन्नावा दुखावतो. यातून मार्ग असा, की नावांपेक्षा कामं लिहावीत. कोणी काय केलं ते लिहिलं, की ज्याचं त्याला बरोबर कळतं. ज्या चार-पाच जणांचं ऋण मोठं आहे, त्यांना वेगळा, त्यांच्यापुरता निरोप लिहावा. एका माणसाला लिहिलेल्या तीन ओळी सगळ्यांना लिहिलेल्या तीस ओळींहून जास्त पोचतात.

ताईंचा मजकूर आम्ही असा लिहिला असता:

‘नमस्कार. आज माझा इथला शेवटचा दिवस. एकवीस वर्षं हिशेब खात्यात काढली. २६ जुलै २००५ च्या रात्री गाड्या बंद पडल्या आणि आम्ही सगळे इथेच अडकलो, तेव्हा कँटीनच्या मंडळींनी असेल नसेल त्याची खिचडी करून सगळ्यांना जेवू घातलं. मार्चअखेरीला उशीर झाला, की गेटवरचे काका आम्हाला रिक्षा मिळेपर्यंत बाहेर उभे राहायचे. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात खात्यातल्या चौघींनी माझी कामं न सांगता वाटून घेतली. हे मी विसरणार नाही.

‘माझ्याकडची पुरवठादारांची बिलं आणि पीएफचे कागद आता कुणाकडे आहेत, ते खाली लिहिलं आहे. हा ईमेल आज संध्याकाळी बंद होईल आणि कंपनीचा मोबाईलही मी परत करते आहे. यापुढे माझा नंबर आणि घरचा ईमेल खाली दिल्याप्रमाणे. व्हॉट्सॲपही याच नंबरवर. तुमचं नाव आणि खातं एवढंच लिहून या नंबरवर पाठवा, म्हणजे मीही तुमचा नंबर साठवीन. फोन संध्याकाळी सातनंतर केलात तर निवांत बोलता येईल. डोंबिवलीला आलात तर कळवा. येते.’

यात एक वाक्य जरा बारकाईने पाहा. ‘तुमचं नाव आणि खातं लिहून पाठवा.’ हे वाक्य का? कारण आपण आपला नंबर दिला म्हणजे त्यांचा आपल्याकडे आला असं होत नाही. त्यांचे नंबर कंपनीच्या फोनमध्ये राहिले. शिवाय व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच मिळतो. दोन्हीकडून साठवण झाली तरच धागा बांधला गेला. आणि नुसतं नाव असून भागत नाही. दोन वर्षांनी फोनमध्ये चार ‘संदीप’ निघतात, त्यातला ‘संदीप स्टोअर्स’ कुठला ते खात्यावरून कळतं.

मजकूर पोचला की नाही, हे ओळखायचीही सोपी खूण आहे. ऑफिसच्या पेटीत किती अभिनंदनं आली ते मोजू नका. आपल्या घरच्या नंबरवर दोन दिवसांत किती नावं आली ते मोजा. ज्यांच्याशी रोजचा संबंध होता त्यांच्यातले निम्मेही आले नसतील, तर बहुधा नंबर चुकलेला आहे किंवा वेळ चुकलेली आहे. सोमवारी खात्यातल्या एकीला फोन करून विचारा आणि तिच्याकडूनच दुरुस्ती फिरवा.

काय लिहू नये, तेही थोडक्यात. राग लिहू नये. तो खरा असला तरी हा मेल पुढे पाठवला जातो आणि आपण उत्तर द्यायला तिथे नसतो. नव्या कंपनीचं नाव, ग्राहकांची नावं, पगाराचा उल्लेख नको. आणि निघताना कंपनीची सगळी फोनयादी स्वतःला मेल करून घेऊ नका. ती यादी कंपनीची आहे, त्यावरून हिशेबाचे पैसे अडकल्याच्या तक्रारी आम्ही ऐकल्या आहेत. आपला नंबर द्यावा, त्यांचा त्यांनी खुशीने द्यावा. ही वाट सरळ आहे.

व्याख्यानानंतर एका तरुण मुलाने प्रश्न विचारला, तो इथे देतो. तो म्हणाला, ‘सर, हे सगळं ज्याला शेवटचा दिवस आधी माहीत असतो त्याच्यासाठी झालं. माझ्या मित्राला सकाळी दहाला कॉलवर घेतलं, सव्वादहाला लॅपटॉप लॉक झाला. त्याने मेल कधी पाठवायचा?’

सभागृह जरा गप्प झालं. प्रश्न बरोबरच होता. एनआरसीच्या गेटवर जे झालं, ते आता पडद्यावर पंधरा मिनिटांत होतं. आमचं उत्तर असं, की त्या मित्राला तो मेल पाठवता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष काही नाही. पण आज नोकरीत असलेल्या प्रत्येकाला एक करता येतं. खात्यातल्या ज्या आठ-दहा जणांशी खरा घरोबा आहे, त्यांचा स्वतःचा नंबर त्यांना विचारून आपल्या स्वतःच्या फोनमध्ये आजच ठेवा, आपलाही त्यांना द्या. कंपनीच्या फोनमध्ये नको. म्हणजे दार अचानक बंद झालं, तरी संध्याकाळी त्यातल्या एकाला फोन लावून सांगता येईल, ‘बाबा रे, माझं असं झालं. सगळ्यांना माझा नमस्कार सांग आणि हा नंबर दे.’

त्या मुलाने विचारलं, ‘आणि मी त्याला आज काय सांगू?’ आम्ही म्हटलं, तुझ्याकडे त्याचा नंबर आहे ना? मग त्याच्या वतीने त्याच्या खात्यातल्या दोघांना तूच कळव, आधी त्याला विचारून. एवढ्यानेही सुरुवात होईल.

नमस्कार. येतो आम्ही.